इंच आणि ४के एवढंच पाहून टीव्ही भिंतीला लागत नाही

"टीव्ही घेताना उगाच डोकं खपवू नका. इंच बघा, ४के लिहिलंय का बघा, बस्स. पॅनेलबिनेल सगळं सारखंच असतं. एचडीएमआय २.१ असलं की काहीही चालतं. भिंतीचं स्टँड युनिव्हर्सल असतं, कुठल्याही टीव्हीला आणि कुठल्याही भिंतीला बसतं."

चवथ जवळ आली की हा मजकूर फिरायला लागतो. यंदा माझ्याकडे तो चार ग्रुपांतून आला. मी म्हापशाहून बार्देश, डिचोली, पेडणे या भागांत टीव्ही बसवायला जातो. हे वाचून घेतलेला टीव्ही ज्या भिंतीला लागत नाही, त्या भिंतीसमोर शेवटी मीच उभा असतो. म्हणून डिचोली तालुक्यातल्या एका घराच्या आधारानेच लिहितो. जुनं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं घर, वसरीत एक खिडकी आणि एक दार, आणि त्या दोघांच्या मधल्या ११२ सेंमी भिंतीवर टीव्ही हवा होता. घरातल्या काकींनी ५० इंची टीव्ही आणि "३२ ते ५५ इंच" लिहिलेलं स्टँड आधीच मागवून ठेवलं होतं.

इंचांपासून सुरुवात करतो. लिस्टिंगमधला आकडा पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे तिरका असतो. ५० इंचांच्या टीव्हीपुढे बहुधा १२६ सेंमी लिहिलेलं असतं. ते वाचून कोणी म्हणतं मावणार नाही, कोणी म्हणतं रेटून बसेल, आणि दोघेही चुकीचाच आकडा धरून बोलत असतात. भिंतीला लागते ती रुंदी. आजच्या टीव्हींचा पडदा १६ ला ९ या प्रमाणातला असतो, त्यामुळे तिरक्या मापाला ०.८७ ने गुणलं की रुंदी मिळते आणि ०.४९ ने गुणलं की उंची. १२६ चे झाले जवळपास ११० सेंमी. कडा धरून काकींचा टीव्ही १११ भरला. म्हणजे ११२ सेंमीच्या भिंतीवर तो बसत होता, पण दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सेंमी ठेवून. लिस्टिंगमध्ये खाली "स्टँडशिवाय मापं", म्हणजे टीव्हीचे पाय सोडून मापं, अशी ओळ असते. तीत कडांसकट खरी रुंदी आणि जाडी दिलेली असते. मी लोकांना पहिली तीच ओळ बघायला सांगतो.

हा अर्धा सेंमी कुठे नडला ते पोर्टांपाशी सांगतो. त्याआधी ४के.

४के म्हणजे पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. फुल एचडीत ते १९२० आणि १०८० असतात. ठिपके जास्त म्हणजे चित्र चांगलं, हे खरं, पण ठरावीक अंतराच्या आतच. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. निरोगी डोळ्याला तो पावणेदोन मीटरच्या आतून वेगळा दिसू शकतो, त्यापलीकडे शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. ५० इंचांना हीच हद्द दोन मीटरच्या आसपास येते. काकींच्या वसरीत सोफा भिंतीपासून तीन मीटरवर आहे, आणि पाहायच्या त्या रोजच्या मालिका, त्याही साध्या एसडी वाहिनीवर, जिथे मूळ चित्रातच ५७६ ओळी असतात. तिथे टीव्ही ४के आहे की फुल एचडी, याने जवळजवळ काहीच बदलत नाही. तोच पडदा कोणी टेबलावर ठेवून ऐंशी सेंमीवरून कॉम्प्युटरची अक्षरं वाचणार असेल, तर मात्र ४के घ्याच.

नुसता शब्द बघण्यात आणखी एक धोका आहे. लहान, स्वस्त टीव्हींच्या शीर्षकात कधी कधी "४के सपोर्ट" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ इतकाच की तो ४के व्हिडिओ घेतो आणि आपल्या कमी ठिपक्यांत बसवून दाखवतो. रिझोल्यूशनच्या ओळीत `3840 x 2160` असेल तरच पॅनेल ४के. तिथे `1366 x 768` दिसलं तर शीर्षकात काहीही लिहिलेलं असो, तो एचडी रेडी टीव्ही आहे.

आता पॅनेल. इथे मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण आपल्या घरांत हाच फरक सगळ्यात आधी डोळ्यात येतो. एलईडी आणि क्यूएलईडी ही नावं मागच्या प्रकाशाबद्दल बोलतात. पुढे एलसीडीच असतो, आणि तो मुख्यत्वे दोन जातींचा, आयपीएस आणि व्हीए. व्हीएचा काळा रंग गडद असतो, त्याचा कॉन्ट्रास्ट आयपीएसच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त असतो. पण बाजूला बसून पाहिलं की त्याचे रंग फिके पडतात. आयपीएस बाजूनेही जवळपास तसाच दिसतो, मात्र अंधारात त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. ओएलईडी वेगळाच, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो.

आमच्याकडच्या वसरीत माणसं टीव्हीसमोर रांगेत बसत नाहीत. एकजण सोफ्यावर, एकजण झोपाळ्यावर, आजी दाराशी हवेला. दाराशी बसलेल्या आजीला व्हीएवर चेहरे पांढुरके दिसतात, आणि मग टीव्ही बिघडला म्हणून मला फोन येतो. लिस्टिंगमधलं "१७८ डिग्री व्ह्यूइंग अँगल" यावर विश्वास ठेवू नका. त्या मोजणीत कॉन्ट्रास्ट दहास एक इतका खाली येईपर्यंतचा कोन धरतात, म्हणजे चित्र पार उतरलेलं असलं तरी तो कोन भरतो. म्हणून तो आकडा दोन्ही जातींवर दिसतो. पॅनेलची जात लिहिलेली नसेल, आणि पुष्कळदा नसतेच, तर दुकानात त्याच मॉडेलसमोर उभे राहून दोन पावलं डावीकडे सरका आणि माणसाच्या चेहऱ्याचा रंग बघा. दिवसा वसरीत भरपूर उजेड असतो. तेव्हा व्हीएच्या गडद काळ्याचा फायदा कमी आणि बाजूने फिकं दिसण्याचा तोटा जास्त. काकींना मी आयपीएस सांगितला.

एचडीएमआय २.१ बद्दल थोडक्यात. त्या आवृत्तीतली बहुतेक वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत, त्यामुळे नुसता आकडा असण्याने ४केला सेकंदाला १२० फ्रेम मिळतीलच असं नाही. गेम कन्सोल असेल तर `4K 120Hz` हे वेगळं लिहिलंय का आणि ते कोणत्या पोर्टला, ते बघा. साउंडबार असेल तर `eARC` किंवा `ARC` लिहिलेला पोर्ट लागतो, आणि तो सहसा एकच असतो. सेट टॉप बॉक्ससाठी हे काहीच महत्त्वाचं नाही. तिथे महत्त्वाचं असतं ते पोर्टाचं तोंड कुठे आहे हे.

काकींच्या टीव्हीचे पोर्ट बाजूच्या कडेला होते, तोंड बाहेर. एचडीएमआयची वायर प्लगसकट नीट वळायला चार-पाच सेंमी जागा लागते, आणि आमच्याकडे होता अर्धा सेंमी. पुढे खिडकीची चौकट. पोर्ट पाठीकडे सरळ तोंड केलेले असते तर तीच अडचण भिंतीशी झाली असती, कारण सपाट स्टँड टीव्हीला भिंतीपासून दोन-तीन सेंमीवरच धरतं. तो टीव्ही परत गेला. ४३ इंची आला, कडांसकट ९६ सेंमी, दोन्ही बाजूंना आठ-आठ सेंमी मोकळे.

मग स्टँड. ते बसेल की नाही हे इंचांवर ठरत नाही, टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांवर ठरतं. लिस्टिंगमध्ये `VESA` समोर दोन आकडे असतात, २०० x १०० किंवा २०० x २०० असे. भोकांमधलं आडवं आणि उभं अंतर, मिलिमीटरमध्ये. काकींच्या नव्या टीव्हीला २०० x १०० होतं. स्टँडच्या पट्ट्यांवरच्या खाचा २०० x २०० पासून पुढे. खोक्यावर ५५ इंच लिहिलेलं असूनही चारपैकी दोनच स्क्रू लागत होते, आणि दोन स्क्रूंवर टीव्ही टांगायचा नसतो. दुसरं स्टँड आणावं लागलं.

स्क्रूही स्टँडच्या पिशवीतला कोणताही चालत नाही. लहान मापाच्या भोकांना बहुधा एम४, म्हणजे चार मिलिमीटर जाडीचा, मोठ्यांना एम६ किंवा एम८ लागतो. लांबी ठरवायची सोपी रीत आहे. भोकात काडी अलगद तळापर्यंत घाला, काठाशी नखाने खूण करा. त्या खोलीत पट्टीची आणि वायसरची जाडी मिळवा, आणि स्क्रू त्याहून एक-दोन मिलिमीटर आखूड घ्या. लांब स्क्रू आत पॅनेलला टेकतो आणि पडद्यावर डाग उमटतो. हाताने पिळताना स्क्रू अचानक अडला पण पट्टी अजून सैल असेल, तर तो तळाला लागलाय. जोर करू नका.

आणि भिंत. चिरा सच्छिद्र असतो, काँक्रीटसारखा पकडत नाही. वरचा गिलावा दीड-दोन सेंमी. पिशवीतला आखूड प्लास्टिकचा गट्टू बराचसा त्या गिलाव्यातच राहतो आणि काही महिन्यांनी गिलाव्यासकट बाहेर येतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि भुकटी बघत राहा. आधी पांढरी किंवा करडी येते, तो गिलावा. लाल यायला लागली की चिरा. तिथून पुढे निदान पाच-सहा सेंमी आत जायला हवं. मधेच ड्रिल एकदम आत गेलं तर पोकळी आहे किंवा दोन चिऱ्यांमधला मातीचा सांधा, ते भोक सोडून द्या.

काकींच्या भिंतीत चारपैकी दोन भोकं सांध्यात गेली. म्हणून मी जाड प्लायवूडची फळी आधी आठ ठिकाणी चिऱ्यात धरवली आणि स्टँड फळीवर लावलं. टीव्ही सात-आठ किलोचा, सपाट स्टँडवर ते वजन बहुतेक खालीच ओढतं. काकींच्या मुलाला स्टँडचा पुढे ओढता येणारा हात हवा होता, त्याला मी नको म्हटलं. तो चाळीस सेंमी बाहेर काढला आणि वरखालच्या बोल्टांत वीस सेंमी अंतर असलं, तर आठ किलोचा टीव्ही वरच्या बोल्टांना सोळा किलोंनी भिंतीबाहेर खेचतो. चिऱ्यात मला ते मान्य नाही. बोल्ट स्टेनलेसचे घेतले, आमच्या हवेत साधे दोन पावसाळ्यांत गंजतात.

उंची सोफ्यावर बसून ठरवली. काकींचे डोळे जमिनीपासून १०५ सेंमीवर आले, तिथे पडद्याचा मध्य हवा. पण या टीव्हीची भोकं मध्याच्या सहा सेंमी खाली होती, म्हणून पट्टीची खूण ९९ वर केली. त्यांना आधी टीव्ही दाराच्या चौकटीइतका वर हवा होता, देवाच्या फोटोच्या ओळीत. खूण केलेल्या जागी पुठ्ठा धरून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं दिसतं, इथंच लाव." झोपाळ्यावरून आजीने पुठ्ठा थोडा उजवीकडे सरकवायला सांगितला, तेवढा सरकवला. बाजूला आठ सेंमी होते.