अॅप त्याच सर्व्हरवर असताना बफर पूलला 80 टक्के देऊ नका

मायएसक्यूएलच्या बफर पूलबद्दल, म्हणजे डेटाची पानं रॅममध्ये धरून ठेवायच्या जागेबद्दल, हा सल्ला सारखा फॉरवर्ड होतो: "सर्व्हर 8 जीबीचा असो नाहीतर 64 चा, रॅमच्या 80 टक्के बफर पूलला द्या. अॅप त्याच मशीनवर असलं तरी फरक पडत नाही. पूल जेवढा मोठा तेवढं फास्ट, आणि कमी पडलंच तर स्वॅप आहेच."

80 चा आकडा कुणी मनानं काढलेला नाही, पण तो कुणासाठी आहे तेच फॉरवर्ड होता होता गळून पडलंय. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये तो डेडिकेटेड सर्व्हरसाठी दिलाय, म्हणजे ज्याच्यावर डेटाबेस सोडून दुसरं काही चालत नाही. आपल्याकडं बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या सोसायट्यांत नि दुकानांत असा सर्व्हर कितीजणांकडं असतो हो? एकच मशीन, त्यातच पीएचपी, त्यातच डेटाबेस, त्यातच रात्रीचा बॅकअप.

निपाणीकडच्या एका सौहार्द सोसायटीचंच बघा. 8 जीबीचं मशीन, ओएसला दिसते 7.7, डेटा नि इंडेक्स मिळून 11 जीबी, बफर पूल 6 जीबी, स्वॅप नाही. सकाळी दहाच्या सुमाराला पिग्मी एजंटांची कलेक्शनं चढायला लागली की डेटाबेस पडायचा, मग आपोआप उठायचा आणि दिवसभर व्यवस्थित चालायचा. सगळ्यांचा संशय पिग्मीच्या कोडवर.

खरी गोष्ट रात्रीच घडून गेलेली असायची. बफर पूलची जागा सुरुवातीला नुसती मागून ठेवलेली असते, डेटाची पानं वाचली जातील तशी ती खरी रॅम व्यापत जाते. रात्री mysqldump सगळी टेबलं वाचतं, जुन्या वर्षांच्या नोंदींसकट, त्यामुळं पहाटेपर्यंत पूल गच्च भरलेला, आणि घेतलेली रॅम तो आपणहून ओएसला परत देत नाही. सकाळी पीएचपीच्या प्रोसेस वाढल्या की जागा संपते आणि लिनक्सचा ओओएम किलर सगळ्यात जास्त रॅम धरून बसलेल्याला मारतो, आणि तो बहुतेक वेळा mysqld च असतो. उठल्यावर पूल जवळजवळ रिकामा, म्हणून दिवस निघतो, रात्री बॅकअप झाला की परत तेच. तुमच्याकडं हेच होतंय का ते इथं कळतं:

```
dmesg -T | grep -i 'killed process'
```

आता हिशोब उलट्या बाजूनं करा, आधी बाकीच्यांचं, मग पूलचं. पीएचपी-एफपीएमचे max_children 40, एकेक प्रोसेस साधारण 60 एमबी, म्हणजे 2.4 जीबी. ओएस आणि वेबसर्व्हरला 0.7 धरा, मायएसक्यूएलच्या कनेक्शन, सॉर्ट, टेंपररी टेबलांना 0.5, फाइल कॅशला मोकळं 0.8. हे सगळं 7.7 मधनं वजा केलं की उरतात 3.3. पूल स्वतःच्या व्यवस्थेसाठी सांगितल्यापेक्षा साधारण 10 टक्के जास्त घेतो, त्यामुळं आकडा 3 जीबी. आवृत्ती 5.7 किंवा त्याच्या पुढची असेल तर रिस्टार्टसुद्धा लागत नाही, फक्त my.cnf मध्ये पण बदलून ठेवा:

```
SET GLOBAL innodb_buffer_pool_size = 3221225472;
```

आता वेगाचं. रोजच्या कामाला लागणारी पानं पूलमध्ये मावली की पुढची जागा जवळजवळ फुकट जाते, या सोसायटीत रोज हात लागतो तो चालू वर्षाच्या नोंदींना, अख्ख्या 11 जीबीला नाही. मावतंय का ते गर्दीच्या वेळेला Innodb_buffer_pool_reads मिनिटाच्या अंतरानं दोनदा बघून ठरवा, हा आकडा डिस्कवरनं केलेल्या वाचनांचा आहे. फरक किरकोळ असेल तर 3 जीबी पुरेसे. झपाट्यानं वाढत असेल आणि डिस्क पण बिझी दिसत असेल, तर max_children कमी करून पूलला जागा द्या नाहीतर रॅम वाढवा.

स्वॅपचा भरवसा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. पूलमध्ये जागा कमी पडली तर InnoDB, म्हणजे मायएसक्यूएलचं पूल सांभाळणारं इंजिन, न बदललेलं पान नुसतं टाकून देतो, काहीच लिहावं लागत नाही. तेच पान ओएसनं स्वॅपमध्ये ढकललं तर आधी डिस्कवर लिहिणं आलं, नंतर परत वाचणं आलं, आणि InnoDB मात्र ते मेमरीतच आहे असं धरून चालतो. मग डेटाबेस पडत नाही, पण साधी क्वेरी मधेच सेकंदभर अडकते, आणि हे शोधायला पडण्यापेक्षा अवघड. कामाच्या वेळेला `vmstat 1` मध्ये si आणि so सतत शून्याच्या वर दिसले की पूल कमी करायचा.

पोस्टग्रेसवाल्यांनी तर 80 चा विचारच करू नये. तिथल्या बफर पूलसाठी, म्हणजे shared_buffers साठी, डेडिकेटेड सर्व्हरवरसुद्धा 25 टक्क्यांपासून सुरुवात करायला सांगितलंय आणि 40 च्या वर सहसा फायदा होत नाही, कारण तो ओएसच्या कॅशवर पण विसंबून असतो. अॅप त्याच मशीनवर असेल तर ते 25 टक्के अॅपचा वाटा काढून उरलेल्या रॅमचे धरा, आणि बदल केल्यावर रिस्टार्ट लागतो, त्यामुळं तो काउंटर बंद झाल्यावरच करा.