वीस पानांचा हिशेब

घरी वीस माणसं जेवायला येणार म्हटलं की आमच्याकडे कोणीतरी म्हणतंच, "घरीच करू, केटररला कशाला एवढे पैसे?" मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला केटरर बोलावला आणि या महिन्यात नणंदेच्या सासरची मंडळी आली तेव्हा सगळं घरी केलं. माणसं दोन्ही वेळा वीस. या वेळी मी वही घेऊन बसले आणि पानामागे खर्च काढला. तो लिहितेय, कारण "घरचं स्वस्त" म्हणताना आपण एक मोठी रक्कम धरतच नाही, असं मला आता ठाम वाटतं.

बेत साधा होता. पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, मसालेभात, टोमॅटोचं सार, काकडीची कोशिंबीर, अळूवडी आणि श्रीखंड. मसालेभाताला दीड किलो आंबेमोहोर, भाजीला अडीच किलो बटाटे, माणशी सहा धरून १२० पुऱ्यांना दोन किलो कणीक, श्रीखंडाला दीड किलो चक्का आणि सव्वा किलो साखर. भाजी मंडईतून आणली, चक्का नेहमीच्या डेअरीतून. पापड, लोणचं, लिंबं आणि गॅस धरून सामानाचे झाले २४०० रुपये. म्हणजे पानाला १२०. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो आणि केटररचा आकडा शेजारी ठेवला की तो लुटतोय असं वाटतं.

पण भांड्यांच्या मावशींना त्या दिवशीचे वेगळे ४०० दिले. मोठं पातेलं आणि झारा भाड्याने आणला, १५० रुपये. पुऱ्या लाटायला एक ताई दोन तास आल्या, त्यांचे ५०० झाले. पान १७२ वर गेलं. आणि मी? आदल्या दिवशी बाजारहाट, मटकीला मोड आधीच आणून ठेवलेले, संध्याकाळी अळूची पानं धुऊन, शिरा काढून, पीठ लावून उंडे वळायचे, दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओट्याशी उभी. माझे आणि सासूबाईंचे मिळून बारा तास गेले. ते वहीत शून्य का लिहायचे? आमच्या सोसायटीत घरगुती कार्याला स्वयंपाक करून देणाऱ्या काकू आहेत. त्यांना विचारलं, या बेताचे किती घ्याल? त्या म्हणाल्या, "१८०० देत जा, सामान तुमचं." आमच्या बारा तासांच्या जागी हा आकडा टाकला आणि पुऱ्यांचे ५०० वजा केले, तर पान येतं साधारण २३८ ला. घरच्या जेवणाचा खरा भाव हा आहे. १२० नाही.

आता केटरर. गेल्या वर्षी एकाने पानाला ३२० सांगितले तेव्हा मी खूश झाले. मग कळलं की कमीत कमी ३० पानं घ्यावीच लागतात. शिवाय टेम्पोचे ६०० आणि दोन वाढप्यांचे प्रत्येकी ७००. एकूण ११,६०० झाले, आणि जेवणार वीसच. पान पडलं ५८० ला! दुसऱ्याने वीस पानांची ऑर्डर घेतली, पण दर ४२० लावला, पोचवायचे ५०० वेगळे, वाढपी नाही. ते ४४५ पडलं आणि आम्ही तेच घेतलं. यात फसवणूक नाही. आचारी, भट्टी, टेम्पो आणि ड्रायव्हर वीस पानांनाही लागतात आणि शंभरालाही. तो खर्च वीसांवर वाटला की पान महागतंच. ५० माणसं असतील तर हाच खर्च विरून जातो आणि घरच्या शेगडीचं कामही तिथे संपतं. तेव्हा मी डोळे झाकून केटररला सांगेन.

पैशापेक्षा मला लागलं ते वेगळंच. जेवण साडेआठला होतं आणि डबे आले साडेसहाला. छोटी ऑर्डर मोठ्या ऑर्डरच्या टेम्पोतूनच निघते, त्यांच्या वेळेला. गरम पुऱ्या झाकणबंद डब्यात दोन तास वाफेवर राहिल्या, कातड्यासारख्या चिवट झाल्या. अळूवडी मऊ पडली. मसालेभात दबून त्याची ढेप झाली होती. सार आणि उसळ मात्र उत्तम होती, कारण त्या दोन्ही पुन्हा उकळता येतात. सासऱ्यांनी पुरी मुकाट्याने बाजूला ठेवली ते मी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. म्हणून दर विचारण्याआधी विचारा, "टेम्पो निघणार किती वाजता आणि आमच्या आधी कुठे जाणार?" आणि तळणीचा पदार्थ डब्यातून मागवूच नका.

घरी केलं तेव्हाही एक घोटाळा झालाच. रोज वाटीला दोन वाट्या पाणी घालते म्हणून दीड किलोलाही त्याच मापाने घातलं. मोठ्या पातेल्यात वाफेवर जाणारं पाणी त्या मानाने कमी असतं, त्यामुळे भात वरून गिचका झाला. खाली पातेल्याचा तळ रुंद आणि घरचा बर्नर लहान, त्यामुळे मध्यभागी लागला आणि कडेला कच्चट राहिला. दाणा बोटात दाबला तर मधोमध पांढरी कणी लागत होती. मग पातेल्याखाली जाड तवा ठेवला, गॅस अगदी बारीक केला आणि वर झाकणावर पाणी ठेवून वीस मिनिटं सोडून दिला, तेव्हा सावरला. पुढच्या वेळी पाणी पावणेदोन पट घालणार आणि तवा पहिल्यापासून ठेवणार.

या दोन अनुभवांनंतर मला वाटतं, हिशेब पानाचा करायचा नाही, पदार्थाचा करायचा. तास कशात जातात ते बघा. बारांपैकी जवळजवळ सहा तास पुऱ्यांत आणि अळूवडीत गेले. श्रीखंडाला अर्धा तास. चक्का आणि साखर कालवून ठेवायचं, मग पुरणयंत्रातून काढायचं, केशर-वेलची घालायची, झालं. तरीही माणसं श्रीखंड विकत आणतात आणि पुऱ्या घरी लाटतात! तयार श्रीखंडाला जवळजवळ दुप्पट पैसे पडतात आणि वाचतो अर्धा तास.

म्हणून पुढचा बेत मी असा धरलाय. पुरीऐवजी पोळी, ती पोळी-भाजी केंद्रातून. १२ रुपयाने ७० पोळ्या, ८४० रुपये. पोळी फडक्यात गुंडाळून ठेवली तर तासभर मऊ राहते, पुरी राहत नाही. अळूवडीचे उकडलेले उंडे विकत आणायचे, ५२० रुपयांचे, कापून तळायच्या मात्र घरीच, पाहुणे पानावर बसल्यावर. बाकी सगळं घरी. भांड्यांच्या मावशी आणि पातेल्याचं भाडं धरून ३८६० होतात, पानाला १९३. माझे तास सहाच्या आत येतात. त्या सहा तासांचे पैसे काकूंच्या दराने लावले तरी पान २४० च्या आसपास राहतं, म्हणजे पैसे फारसे वाचत नाहीत. वाचतात ते सहा तास, आणि वडी कुरकुरीत पानात पडते.

दिवाळीनंतर नणंदेकडे असंच वीस माणसांचं जेवण आहे. तिला म्हटलंय, पोळ्यांची ऑर्डर दोन दिवस आधी दे आणि साडेसातला घे, आधी नको. काकडीत मीठ मी आल्यावर घालू, नाहीतर पाणी सुटतं.