मॉडेल बरोबर, ड्रॉईंग चूक, आणि भंगार माझ्या दारात

जळगावच्या एमआयडीसीत माझा छोटा मशीन शॉप आहे. डाळमिलच्या एलिव्हेटरसाठी ६२०६ बेअरिंगच्या चाळीस हाऊसिंगचे काम गेल्या आठवड्यात आले, आणि सोबत आलेली ड्रॉईंगची शीट पाहून अजूनही माझा संताप आवरत नाही.

सॉलिड मॉडेलवरून व्ह्यू आपोआप येतात, मापेही एका बटणावर पडतात. म्हणून ती शीट कोणी वाचूनच पाहिली नव्हती. ६२ चा बोअर, बेअरिंग ज्याला टेकते तो खांदा आणि बेअरिंग लॉक करणाऱ्या सर्क्लिपची खाच हे सगळे समोरच्या व्ह्यूत तुटक रेषांनी दाखवून मापेही त्याच तुटक रेषांवर टाकली होती. आतले दाखवायला कापलेला ए-ए सेक्शन होता, पण तो नेमका आधाराच्या पातळ रिबमधून गेलेला. रिब लांबीत कापली गेली तर तिच्यावर तिरप्या रेघांचे हॅचिंग मारत नाहीत, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकवतात. सॉफ्टवेअरला ती रिब आहे हे सांगावे लागते, नाहीतर ते सरसकट रेघा ओढते. इथे तसेच झाले होते आणि हाऊसिंग भरीव ठोकळ्यासारखे दिसत होते.

खरा घात खाचेने केला. ती २.१५ मिमी रुंद. १:२ च्या शीटवर दोन रेषा एकमेकींना चिकटलेल्या, आणि डिटेल व्ह्यूचा पत्ताच नाही. आपोआप पडलेली सगळी मापे बाहेरच्या फेसपासून होती: खांदा २३ वर, खाचेची बाहेरची भिंत ४.८५ वर, दोन्हींना ±०.२. वजाबाकी केली तर १८.१५ येते, बेअरिंग १६ आणि सर्क्लिप २ मिळून १८, म्हणजे मॉडेलमध्ये सगळे छान बसते. पण दोन्ही टॉलरन्स एकत्र झाले की हेच अंतर १७.७५ पर्यंत उतरते. आमच्या टर्नरने प्रत्येक माप शीटप्रमाणेच धरले, तरी सात नगांत सर्क्लिप खाचेत शिरेना. "भाऊ, माप तर बरोबर आहे, मग लॉक का बसत नाही?" असे तो विचारत राहिला, आणि पार्टीने मात्र दोष आमच्या माथी मारला.

खाचेवर वर्तुळ काढून ४:१ चा एक डिटेल घ्यायचा, त्यात खांद्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत १८.१५ हे माप थेट द्यायचे आणि त्याला फक्त +०.१/० टॉलरन्स ठेवायचा, एवढेच काम होते. व्ह्यू चौपट मोठा असला तरी त्यावर माप खरेच लिहायचे असते. ज्याला बेअरिंग कशाला टेकते हे ठाऊक आहे, त्याला यासाठी दहा मिनिटे पुरतात.

ती दहा मिनिटे त्यांनी वाचवली. ते सात नग दुकानाच्या कोपऱ्यात पडून आहेत, आणि त्यांचे पैसे कोणी देणार नाही.