नऊ बॅगांचा हिशेब

साइटवरचा दिवस संध्याकाळी सहाला संपतो, असं फक्त घरच्यांना वाटतं. सहाला मजूर जातात, मिक्सर धुतला जातो आणि साइट इंजिनिअर पत्र्याच्या शेडमध्ये बसून तोच दिवस कागदावर पुन्हा काढतो. याला डीपीआर म्हणतात, म्हणजे रोजच्या प्रगतीचा अहवाल. एका पानावर चार रकाने: मजूर, माल, हवामान, झालेलं काम. चौघंही एकाच दिवसाचे साक्षीदार, पण जबानी चौघांची वेगळी.

मजुरांपासून सुरुवात करतो, कारण फसवणूकही तिथूनच सुरू होते. मुकादम सांगतो, "बावीस लावा सायब." सकाळी साडेआठला डोकी मोजली तर एकोणीस भरतात. जेवणानंतर मोजली तर सतरा, कारण दोघं बाजाराला गेलेले असतात. म्हणून हजेरी दोनदा घ्यायची आणि अर्ध्या दिवसाला अर्धाच आकडा लावायचा: सतरा पूर्ण, दोन अर्धे, म्हणजे अठरा. मिस्त्री, बिगारी, सेंट्रिंगवाले, सळईवाले वेगवेगळे लिहायचे. नुसतं "मजूर 18" लिहिलं की महिनाअखेरीस बिलात त्यातले दहा मिस्त्री निघतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की हा रकाना आपोआपच खरा होतो. लावायला माणसंच उरत नाहीत.

हवामानाच्या रकान्यात परभणीकडे बारा महिने "निरभ्र" लिहायची पद्धत आहे. मे महिन्यातल्या त्रेचाळीस अंशांनाही निरभ्रच. पारा चाळीसच्या वर गेला की काँक्रीटची काळजी वेगळी घ्यावी लागते. पाणी उडून वरचा थर तडकतो आणि दोन दिवसांनी मालक त्या भेगांत नाणं घालून बघतो. तेव्हा दुपारी दोनचं तापमान, काँक्रीट सुरू आणि बंद झाल्याची वेळ आणि पाणी मारायला कधी सुरुवात केली, हे लिहिलेलं असेल तरच आपल्याला तोंड उघडता येतं. पावसाचं गणित त्याहून अवघड. पाऊस चाळीस मिनिटं पडतो, पण पायाच्या खड्ड्यात काळी माती अशी चिकटते की काम दोन दिवस बंद. नुसता "पाऊस" लिहिला तर मुदतवाढ मागताना चाळीस मिनिटंच मिळतील. "खड्ड्यात पाणी, पंप चालू, मजूर 14 रिकामे" हे त्या-त्या दिवशीच लिहावं लागतं.

खरी मजा मालाची. समजा आज स्लॅब टाकला. 9.6 मीटर बाय 8 मीटर, जाडी 125 मिलीमीटर, म्हणजे 9.6 घनमीटर. खालच्या बीमचे 2.4 धरून 12 घनमीटर. सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन अशा मालाला घनमीटरमागे सिमेंटच्या साधारण आठ बॅगा लागतात, म्हणजे फार तर 97. आता गोदाम: सकाळी शिल्लक 140, आवक शून्य, रात्री शिल्लक 34. गेल्या 106. नऊ बॅगा कुठं गेल्या?

इथं नवखा माणूस स्लॅबच्या नावापुढं 106 लिहून झोपतो. तसं करू नये. आधी फळीच्या कडेला स्लॅबची जाडी मोजावी. सेंट्रिंग वजनानं खाली बसलं असेल किंवा वरचा थर मिस्त्रीच्या डोळ्याच्या लेव्हलनं ओढला असेल, तर जाडी सरासरी सेंटीमीटरभर वाढते. एवढ्या क्षेत्रावर तो सेंटीमीटर म्हणजे पाऊण घनमीटर, म्हणजेच सहा बॅगा. चोर सापडला आणि तो कायमचा छतात बसला. पुढच्या वेळी सळईच्या तुकड्यावर 125 ची खूण करून ओल्या काँक्रीटमध्ये दर दोन मीटरवर खुपसून बघायचं, एवढाच धडा.

उरल्या तीन. दोन वरच्या मजल्यावर प्लास्टरला गेल्या, कारण "सायब, दोनच तर व्हत्या." त्या प्लास्टरच्या नावावर टाकायच्या, मग प्लास्टरचे चौरस मीटरही लिहावे लागतात आणि तो मिस्त्री दिवसभर काय करत होता हेही कळतं. एक बॅग पिंपाच्या बाजूला फुटून दगड झालेली. तिला "वाया" असा स्वतंत्र रकाना हवा. बहुतेक छापील फॉर्मात तो नसतो, जणू सिमेंट वाया जातच नाही. शेऱ्याच्या जागेत बसवावी लागते.

सहा, दोन, एक. नऊ जुळले. खाली सही, मुकादमाचा अंगठा, उद्याच्या पानावर सुरुवातीची शिल्लक 34. सकाळी गोदाम उघडून मोजल्या तर 33. चौतिसावी काल दिव्याच्या उजेडात मोजली होती, ती नुसती रिकामी बॅग होती, घडी घालून ठेवलेली.