गेली रेघ कुणीकडे?

लग्नघरात शिरण्याआधी निदान एकदा तरी आयलायनर लावून बघावं, म्हणून भाच्याच्या लग्नाच्या आठ दिवस आधी मी आरशासमोर बसले. डोळा मिटला, पापणीवर रेघ ओढली आणि शेवटी एक झोकदार शेपटी काढली. इतकी सुबक रेघ मी शाळेतल्या भूमितीच्या वहीतही कधी काढली नव्हती. मग डोळा उघडला. रेघ नव्हती! शेपटीचं नुसतं टोक उरलं होतं आणि भुवईखाली एक काळा ठसा उमटला होता. ह्यांनी पेपरातून मान वर केली आणि विचारलं, "दार लागलं का गं?"

भाचीला फोन केला. ती नवऱ्या मुलाची बहीण, त्यामुळे तिला मरायला फुरसत नव्हती. तरी म्हणाली, "मावशी, डोळ्यांचा क्लोज-अप पाठव."

मी फोन नाकाला टेकवून फोटो काढला. "हा नाकाचा आहे," तिचं उत्तर आलं. इतक्या जवळून काढलं की पुढचं नाक फुगतं आणि कडेचे डोळे आक्रसतात म्हणे. दुसरा फोटो मला आवडला होता, पण तिने तोही नापास केला. "भुवया खाली घे. त्या उचलल्या की वरची कातडी ताणली जाते, मग पापणी कळत नाही." कॅमेरा दिसला की माझ्या भुवया आपोआप वर जातात, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी समजलं.

तिसरा फोटो ह्यांनी काढला. मी खिडकीकडे तोंड करून उभी, फोन माझ्या डोळ्यांच्या रेषेत, अंतर तीन-चार फूट, आणि जवळ जाण्याऐवजी थोडा झूम. चेहरा बँकेच्या रांगेत असतो तसा सैल. ह्यांनी फोटो बघून "थकलेली दिसतेस" असं सांगितलं. म्हणजे फोटो बरोबर आला होता.

निकाल आला तो असा. डोळा बदामी, कारण बुबुळाला वरची आणि खालची, दोन्ही पापण्या टेकतात. वर किंवा खाली पांढरं दिसलं असतं तर गोल म्हटला असता. इथवर मी खूश. "पण पापणी हूडेड आहे." म्हणजे पापणीला घडी आहे, पण भुवईखालची कातडी त्या घडीवरून ओघळून पापणीवर येऊन बसली आहे. घडीच नसती तर प्रकार वेगळा. माझ्या उजव्या डोळ्याची दोनेक मिलिमीटर पापणी दिसते, डाव्याची बाहेरच्या कोपऱ्यात अजिबात नाही. आईचा जुना फोटो काढून पाहिला. तिचेही तसेच, आणि वयाने कातडी आणखी उतरलेली. सोनं धाकटीकडे गेलं, पडदे माझ्याकडे आले. (पापणीची कडच एकाएकी एका बाजूने बुबुळावर उतरली, तर मात्र लायनर ठेवून डॉक्टरकडे जायचं, हेही भाचीने बजावलं.)

रेघ कुठे गेली, ते आता उलगडलं. मी ती मिटलेल्या डोळ्यावर काढत होते आणि डोळा उघडला की ती घडीत गिळली जात होती. वरची तेलकट कातडी तिच्यावर टेकून ठसा घेत होती.

उपाय उलटा होता. डोळे उघडे, नजर सरळ, भुवया सैल. खालच्या पापणीची कड भुवईच्या टोकाकडे वाढवली तर जशी जाईल, तशी छोटी तिरकी रेघ आधी काढायची. मग तिच्या टोकापासून आत, लोंबलेल्या कातडीवरून सरळ, केसांच्या रेषेपर्यंत यायचं. नंतर डोळा मिटला की मध्ये एक खाच दिसते, ती भरून टाकायची. बाकी पापणीवर जाड पट्टा नाही, केसांच्या मुळांना चिकटून दोऱ्याएवढी रेघ. आधी थोडी पावडर, लायनर वॉटरप्रूफ, आणि सुकेपर्यंत खाली बघत बसायचं. दोन्ही डोळ्यांच्या रेघा सारख्या काढायच्या नाहीत. डोळे उघडल्यावर सारख्या दिसतील अशा काढायच्या.

मिटलेल्या डोळ्यावर हा प्रकार भयंकर दिसतो. वटवाघळाच्या पंखासारखा मोडका कोपरा. "मिटून कशाला बघतेस?" भाची म्हणाली.

लग्नात सगळं छान झालं. चुलतजाऊबाईंनी दोनदा विचारलं, "डोळ्यांना काय केलंस गं?" मी नुसती हसले, भुवया न उचलता.

फोटो चार दिवसांनी आले. फोटोग्राफरने माझा एकुलता एक जवळून घेतलेला फोटो नेमका शेवटच्या मंगलाष्टकाला काढला आहे. वरून अक्षतांचा पाऊस आणि मी दोन्ही डोळे गच्च मिटलेली.