प्रतिक्रियेला उत्तर: लोअर सर्किटमध्ये दार नक्की कोण लावतं?

शेअरचा भाव दिवसभरात ठरलेल्या मर्यादेच्या खाली जाऊ न देणाऱ्या लोअर सर्किटवर मी लेख लिहिला होता, त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया:

"लेख वाचला. एक्स्चेंजच्या माहितीपत्रकासारखा वाटला. लोअर सर्किट म्हणजे सामान्य शेअरहोल्डरला आत कोंडून बाहेरून दार लावणं, बाकी काही नाही. मोठे लोक आधीच सटकतात. ऑपरेटर ५ टक्क्यांच्या सर्किटवरच जगतात, त्यावर एक ओळ नाही. इंडेक्सचं सर्किट लागलं की भीती वाढते, चीनने चार दिवसांत गुंडाळलं ते का लिहिलं नाही? तुम्ही स्वतः कधी सर्किटमध्ये अडकलेले दिसत नाही."

उत्तर:

साहेब, शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो कारण खरं सांगायचं तर तेच लागलं. मी अडकलेलो आहे. एका छोट्या कंपनीत, ऑडिटरने मुदतीआधीच राजीनामा दिल्याची बातमी आल्यावर, आणि रोज सकाळी ऑर्डर टाकायची, संध्याकाळी ती आपोआप रद्द झालेली बघायची हा उद्योग मी चांगला अनुभवलाय. लेखात स्वतःचं रडगाणं गायलं नाही म्हणून माणसाला अनुभवच नाही असं धरून चालणं ही कुठली पद्धत? मुद्दा पटला नाही तर मुद्द्यावर बोला ना, माहितीपत्रक वगैरे काय लावलंय.

आता दाराचं बघू. तुमच्या बाकी सगळ्या तक्रारी या एका वाक्यावर उभ्या आहेत आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय. ट्रेडिंग हॉल्ट म्हणजे व्यवहारच बंद, घेणाराही थांबला, विकणाराही थांबला. लोअर सर्किट म्हणजे व्यवहार चालूच, फक्त त्या भावाच्या खाली सौदा होणार नाही. समजा काल शेअर २०० ला बंद झाला आणि त्याचा बँड, म्हणजे दिवसभरात वर-खाली जायची मर्यादा, ५ टक्के आहे, तर आज १९० च्या खाली कुणी ऑर्डरच टाकू शकत नाही, सिस्टिम ती नाकारते. पण १९० ला घेणारा आला तर सौदा होतो, त्याच क्षणी होतो. म्हणजे तुम्हाला अडवलंय ते १९० ला घेणारा कुणी नाही या गोष्टीने.

स्क्रीनवर हे कसं दिसतं ते सांगतो, कारण अर्धे लोक तिथेच चुकतात. मार्केट डेप्थ उघडली की घेणाऱ्यांची बाजू रिकामी आणि विकणाऱ्यांच्या बाजूला १९० वर एकच आकडा, समजा ८ लाख शेअर. तुम्ही ९:२० ला ५०० शेअरची ऑर्डर टाकता. नियम असा की आधी भाव बघायचा मग वेळ. भाव तर सगळ्यांचा १९० च आहे, खाली जाताच येत नाही, त्यामुळे उरली फक्त वेळ. तुमच्या पुढे ८ लाख शेअर उभे आहेत. दिवसभरात ४० हजार शेअरचे घेणारे आले तर ते सगळे रांगेतल्या पुढच्यांना मिळाले, तुमचा नंबर काही येत नाही. प्री-ओपन ९ ला सुरू होतं, तिथे टाकलेली आणि सौदा न झालेली लिमिट ऑर्डर पुढे मुख्य सत्रात जाते, म्हणून ज्यांना हे माहीत असतं ते ९:१५ ची वाट बघत बसत नाहीत. आणि एक, ऑर्डर लागत नाही म्हणून अस्वस्थ होऊन कॅन्सल करून परत टाकणं किंवा शेअरची संख्या वाढवणं, हे केलंत की रांगेतली जागा गेली, पुन्हा शेवटी. (संख्या कमी केली तर जागा जात नाही, हे मात्र फार कुणी सांगत नाही.)

मोठे आधीच सटकतात म्हणता. बातमी फुटायच्या आधी विकलं असेल तर ते इनसायडर ट्रेडिंग झालं, त्याचा सर्किटशी काय संबंध? सर्किट नसतं तरी त्यांनी आधीच विकलं असतं. आणि सर्किट लागल्यावर सगळे त्याच रांगेत. प्रमोटरचे गहाण शेअर विकायला निघालेली मोठी वित्तसंस्था सुद्धा १९० लाच उभी असते. त्यांची यंत्रणा वेगवान, ऑर्डर तुमच्या आधी पोचते, एवढं मान्य, पण पुढे उभं राहिलं म्हणून घेणारा येतोच असं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आणि म्हणायलाच हवं होतं, की पहिल्याच दिवशी १७० ला घ्यायला कुणी तयार असेल आणि मी द्यायला तयार असेन तर एक्स्चेंज मध्ये का पडतं? हा खरा आक्षेप आहे. तुम्ही तो घेतला नाहीत, दार कोंडणं वगैरे लिहिलंत, पण मी तुमच्यासाठी घेतो.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे आज ज्याने शेअर विकत घेतलाय त्याचे पूर्ण पैसे उद्या येतात, तोवर ब्रोकरमार्फत मार्जिन भरलेलं असतं आणि सौदा पूर्ण होईल याची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशनने घेतलेली असते. आज २०० ला घेतलेला शेअर उद्या सकाळी ८० वर गेला तर घेणारा पैसे भरायला टाळाटाळ करणार आणि मार्जिनमध्ये तो खड्डा भरून निघणार नाही. बँडमुळे एका दिवसाचं नुकसान किती होऊ शकतं याला वरची मर्यादा येते, मार्जिन त्या हिशोबाने घेता येतं. थोडक्यात, ज्या कंपनीचं नावही तुम्ही ऐकलं नाही तिच्या पडझडीत तुमचा ब्रोकर बुडू नये म्हणूनही हे आहे. आकर्षक कारण नाही, म्हणून टीव्हीवर सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट, सर्किट नसेल तर भाव १७० ला थांबेल हे कुणी सांगितलं? सत्यम ही आयटी कंपनी बघा. ७ जानेवारी २००९. शेअर एफ अँड ओ मध्ये, म्हणजे वायद्यांच्या यादीत होता त्यामुळे त्याला ठरलेलं सर्किट नव्हतं, दार सताड उघडं होतं, तुम्हाला हवं तसं. आदल्या दिवशी १७९ च्या आसपास बंद झालेला शेअर, अध्यक्षांचं हिशोब खोटे असल्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं आणि त्याच दिवशी बीएसईवर ३९.९५ ला बंद झाला. मधे ३० पर्यंत जाऊन आला. ज्याने घाबरून मार्केट ऑर्डर मारली त्याला बाहेर पडायला मिळालं, अगदी मिळालं, पण कुठल्या भावाला? पुढे एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनीतला हिस्सा घेतला तो शेअरमागे ५८ रुपये देऊन. मी असं म्हणत नाही की सर्किट असतं तर सगळ्यांना ५८ मिळाले असते, कदाचित रोज सर्किट लागत लागत तिथेच गेला असता. म्हणणं एवढंच की हाहाकाराच्या तासाभरात जो भाव निघतो तो कंपनीचा भाव नसतो, तो सगळ्यात घाबरलेल्या माणसाचा भाव असतो.

परत आपल्या २०० वाल्या शेअरकडे या. लोकांच्या मनातला भाव समजा १६५ आहे. पहिल्या दिवशी १९० ला बंद, दुसऱ्या दिवशी १८०.५०, तिसऱ्या दिवशी १७१.५० च्या जवळ. चौथ्या दिवसाची खालची मर्यादा साधारण १६३. इथे घेणारे जागे होतात. सकाळी विकणाऱ्यांकडे ८ लाख दिसत होते ते तासाभरात ५ लाख, मग २, आणि त्याच वेळी झालेल्या सौद्यांची संख्या आधीच्या तीन दिवसांच्या मिळून कितीतरी पट. हे दोन आकडे शेजारी शेजारी बघायचे, पेंडिंग घटतंय आणि व्हॉल्यूम वाढतंय म्हणजे सर्किट उघडायला आलंय. पेंडिंग घटलं पण व्हॉल्यूम तेवढंच, याचा अर्थ लोक ऑर्डर कॅन्सल करताहेत, उघडणार वगैरे काही नाही. माझ्या त्या कंपनीत मी हेच बघत बसायचो. उघडलं त्या दिवशी मी विकू शकलो, आणि न उघडलेल्या दिवसांत विकता आलं नाही याचा राग मलाही होताच, पण तो घेणाऱ्यावर काढायचा की एक्स्चेंजवर हे तुम्ही ठरवा.

या तीन-चार दिवसांत पैसे अडकतात, ही किंमत आहे आणि ती खरी आहे. लेखात "वेळेची किंमत" असा अख्खा परिच्छेद आहे. वाचला असतात तर बरं झालं असतं.

ऑपरेटरबद्दल, म्हणजे ठरवून भाव चढवणाऱ्यांबद्दल, तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे, हे मोकळेपणाने मान्य. ५ टक्क्यांच्या बँडमध्ये कमी उलाढालीचा शेअर रोज अप्पर सर्किटला लावायला फार शेअर लागत नाहीत, विकणारेच नसतात, आणि "रोज सर्किट" बघून नवखे रांगेत येतात. गंमत म्हणजे बँड २० वरून १० आणि ५ वर आणतात तो बऱ्याचदा अशा शेअरवर लगाम म्हणूनच. तो विषय वेगळा आहे, दोन ओळीत होणारा नाही म्हणून लिहिला नव्हता. टाळला वगैरे नव्हता.

चीनचं घ्या. इंडेक्सचं सर्किट म्हणजे इंडेक्स ठरावीक टक्के हलला की सगळा बाजारच थांबवायचा. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी त्याच्या पायऱ्या ठेवल्या ५ आणि ७ टक्के. ५ ला पंधरा मिनिटं थांबायचं, ७ ला दिवस बंद. इतक्या जवळ ठेवल्यावर ५ लागलं की लोक ७ च्या आधी विकायला धावणारच, ७ तारखेला तर बाजार अर्ध्या तासात बंद झाला. आपल्याकडे २००१ पासून १०, १५, २० आहेत. १३ मार्च २०२० ला बाजार सकाळीच १० टक्के पडून ४५ मिनिटं थांबला आणि त्याच दिवशी सेन्सेक्स १३०० च्या वर अंक वाढून बंद झाला. २३ मार्चला थांबून परत उघडल्यावर आणखी पडला आणि १३ टक्के खाली बंद झाला हेही मला माहीत आहे, ते सांगायला पुन्हा कमेंट नको. थांबवल्याने बाजार वर जातो असा दावा मी कुठेच केलेला नाही.

बाकी, तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही सध्या कुठल्यातरी शेअरमध्ये अडकलेले वाटता, आणि तसं असेल तर राग समजू शकतो. पण मग शेअरचा बँड किती आहे, टी-टू-टी मध्ये, म्हणजे घेतला त्याच दिवशी विकता न येणाऱ्या गटात आहे का, आणि आज पेंडिंग किती आणि व्हॉल्यूम किती एवढं लिहा, त्यावर बोलता येईल. "बाकी काही नाही" वर काय बोलणार.