लिंक टाकलीय, बघून घ्या

समजा, तुम्ही पुण्यात आहात आणि न्यू जर्सीतल्या तुमच्या जुन्या सरांकडून शिफारसपत्र हवंय. त्याआधी अर्धा तास बोलायचंय. गरज तुमची आहे, तेव्हा खटपट सरांनी करायची, हे आधी पक्कं करा. "नमस्कार सर" लिहा आणि खाली तुमच्या भेटीची वेळ निवडायची लिंक चिकटवा. सर ती उघडतील, तारीख शोधतील, नाव आणि ई-मेल भरतील, मग 'भेटीचा उद्देश' या रकान्यापाशी अडतील. त्यापुढे लाल चांदणी आहे, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. उद्देश तुमचा, पण लिहायचा त्यांनी.

काही जुन्या वळणाची माणसं लिंकच्या वर एक ओळ लिहितात: "हे सोयीचं नसेल तर तुमची वेळ सांगा, मी जुळवून घेईन." असला लाळघोटेपणा आपल्याला शोभत नाही. लिंकला स्वतःचं कॅलेंडरही जोडू नका. जोडलंत तर ती तुमच्या ठरलेल्या मीटिंगा बघून त्या वेळा आपोआप झाकते आणि एकाच वेळी दोघं टपकण्याची मजा जाते. किती तास आधी वेळ घेता येईल, ही मर्यादाही शून्यावर ठेवा. कुणीतरी दहा मिनिटांनंतरची वेळ घेईल, तेव्हा तुम्ही मंडईत मेथी निवडत असाल.

लिंकचा एक दुर्गुण मात्र मान्य करायला हवा. ती ज्याला त्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवते. हा धोका टाळायचा असेल तर भेटीच्या तीन वेगवेगळ्या वेळा हातानेच लिहून पाठवा. ऑक्टोबरच्या शेवटी सरांना कळवा, "३ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळी साडेसात, म्हणजे तुमचे सकाळचे दहा." हिशोब आजच्या घड्याळाप्रमाणे अगदी बरोबर आहे. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि आपली जातात कुठे? जागच्या जागी! मंगळवारी तुम्ही साडेसातला बसाल तेव्हा तिथे नऊ वाजले असतील. सर बरोबर दहाला येतील, आपल्याकडे साडेआठला. तोवर स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा बघत बसा आणि "सर विसरले वाटतं" असं घरात सगळ्यांना सांगून टाका.

दिलेल्या वेळा उत्तर येईपर्यंत कॅलेंडरमध्ये अडवून ठेवायच्या, "गुरुवारपर्यंत राखून ठेवतो" असं कळवायचं, ही पद्धत आहे म्हणे. आपण त्याच तीन वेळा आणखी चौघांना देऊन टाकायच्या. जो आधी बोलेल त्याची.

दोन दिवसांनी सरांचं उत्तर येतं: "चालेल."

तीनपैकी कोणती, ते लिहिलेलं नसतं. पुन्हा विचारणं बरं दिसत नाही. तिन्ही दिवस लॅपटॉप उघडून बसा. स्क्रीनवर कोण येतं ते बघू.